गळ्यात टांगलेला उजेड

संध्याकाळी सहा वाजले की संस्थेच्या भांडारातल्या लांब टेबलावर एकेक करून चाळीस फोन येऊन पडायचे, आणि भांडार सांभाळणारा माणूस ते पुसायला घ्यायचा. कुणाच्या काचेवर मलमाचा डाग, कुणाच्या कडेला वाळलेलं औषध, कानाकडच्या जाळीत मेण. दिवसभर आजाऱ्यांच्या घरोघरी फिरून आलेले हे फोन. सिस्टर लोकांचा त्यात काय दोष? त्यांचे हात कामात. पण त्याला ओंगळ काही बघवत नसे. खांद्यावर एक, खिशात एक आणि टेबलावर तीन अशी पाच फडकी तो बाळगायचा, म्हणून सगळे त्याला ‘फडकेकाका’ म्हणत. त्याचं खरं आडनाव निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं, आणि त्यानेही कधी दुरुस्त केलं नाही.

काका मुळातला टीव्ही दुरुस्त करणारा. तीस वर्षं त्याने डबे उघडले, मग लोकांनी दुरुस्तीच सोडून दिली, बिघडला की नवा आणायची रीत पडली, आणि त्याचं दुकान बसलं. या संस्थेत तो भांडार सांभाळायला लागला. संस्था म्हणजे घरी पडून असलेल्या आजाऱ्यांकडे सिस्टर पाठवणारी. सकाळी फोन द्यायचे, संध्याकाळी घ्यायचे, पुसायचे, चार्जिंगच्या फळीवर ओळीने लावायचे, वहीत सही घ्यायची. काम सोपं होतं. माणसं मात्र सोपी नव्हती.

फोन नवे होते, चांगले होते. ओएलईडी पडद्याचे. पहिल्या दिवशी काकाने एक उचलून उजेडात धरला तेव्हा तो मनापासून खूश झाला होता. त्याच्या जुन्या धंद्यातल्या पडद्यांमागे एक दिवा असायचा, चित्र काळं असो की पांढरं, तो आपला जळतच राहायचा. इथे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतःचा स्वतः पेटतो. काळं दाखवायचं असेल तर ठिपका विझून बसतो, एक थेंब वीज खात नाही. पांढरं दाखवायचं असेल तर लाल, हिरवा, निळा असे तिन्ही पेटतात आणि भरपूर खातात. ‘इतका शहाणा पडदा,’ तो बायकोला घरी म्हणाला होता, ‘जेवढं दाखवतो तेवढंच खातो.’

हा शहाणा पडदा संस्थेने काय करून ठेवला, ते पुढे बघा.

संचालकबाईंना लोगोचं भारी वेड. पांढऱ्या रेषेच्या वर्तुळात पांढरा हात, खाली संस्थेचं नाव. तो लोगो फोन वापरात नसतानासुद्धा दिसला पाहिजे, असा त्यांचा हुकूम. म्हणून प्रत्येक फोनवर ‘ऑलवेज-ऑन डिस्प्ले’ चालू केलेला. बाकी फोनवर या सोयीत बारीकसं घड्याळ असतं, इथे तळहाताएवढं वर्तुळ दिवसभर जळत असायचं. आणि फोन खिशात ठेवायचा नाही, पारदर्शक पाकिटात घालून गळ्यात अडकवायचा, म्हणजे घरात शिरताना लोकांना हात दिसेल. खिशात घातला की पुढचा संवेदक झाकला जातो आणि हा डिस्प्ले आपोआप विझतो. पाकिटात तो विझायचं कारणच नव्हतं.

दोन महिन्यांत फोन दुपारी मान टाकायला लागले. तीन, साडेतीन, चार. शिफ्ट संपायची सहाला.

सिस्टर तक्रार घेऊन यायच्या तेव्हा काका बॅटरी तपासायचा. बॅटरी ठणठणीत. त्याने तसं वर लिहून कळवलं, आणि तिथेच चूक केली. कारण वरच्या मजल्यावरून उत्तर आलं ते असं: बॅटरी चांगली आहे, म्हणजे वापर वाईट आहे. सिस्टर कामाच्या वेळी चित्रफिती बघतात. ज्यांचा फोन शिफ्ट संपण्याआधी बंद पडेल त्यांना मेमो.

मेमो निघायला लागले. काकाच्याच टेबलावरून वाटले जायचे, फोनबरोबर, दुमडून. सगळ्यात जास्त मेमो थोरल्या सिस्टरांना. एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला अडीच वर्षं उरलेली. संस्थेत सगळ्यांत जास्त घरं त्यांच्याकडे, म्हणून फोनचा वापरही सगळ्यांत जास्त. तिसरा मेमो घेताना त्या म्हणाल्या, “भाऊ, मला त्यावर चित्रफीत लावायची कुठे असते तेच माहीत नाही. शिकवता का? निदान मेमो तरी फुकट जायचा नाही.”

काका हसला आणि त्यांच्यापुढे सहीची वही सरकवली.

त्यानंतर आला कंत्राटदार. संस्थेचं अ‍ॅप त्याच्या कंपनीने बनवलेलं. टाय लावून यायचा, म्हणून भांडारात त्याचं नाव ‘टायवाला’. सभागृहात सगळ्या सिस्टरांना बसवून त्याने पडद्यावर दाखवलं: डार्क मोड. पांढरं अ‍ॅप आता काळं होणार. “बॅटरी अर्ध्यावर येईल, म्हणजे बॅटरीचा खर्च,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. संचालकबाईंनी टाळ्या वाजवल्या.

काकाने मागून विचारलं, “किती ब्राइटनेसवर अर्धा?”

“काका, तुम्ही ते टेक्निकल आमच्यावर सोडा.”

डार्क मोड आला. थोडा फरक पडला, नाही असं नाही. साडेतीनला मरणारे फोन चारला मरायला लागले. पण उन्हात त्या काळ्यावर काही वाचता येईना. सिस्टर रस्त्यात उभ्या राहून पत्ता शोधायच्या आणि बोटाने ब्राइटनेस टोकाला नेऊन ठेवायच्या, ती तशीच राहायची. शिवाय औषधांचे तक्ते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या म्हणजे पांढऱ्या कागदाचे फोटो. डार्क मोड असला म्हणून ते काळे होतात थोडेच? ते पांढरेफटकच उघडायचे.

मेमो मात्र आणखी सिस्टरांना जायला लागले. आता तर सुधारणा झाली आहे, म्हणजे सिस्टरांना सबबच उरली नाही, असं वर ठरलं.

मग ती मंगळवारची दुपार. एक आजोबा, घरात एकटे, मुलगी नोकरीवर. पलंगावरून उतरताना सटकले आणि पडले. हातात फोन होता. जमिनीवर पडल्या पडल्या त्यांनी थोरल्या सिस्टरांना तीनदा फोन लावला. त्या दोन गल्ल्या पलीकडे होत्या, एका जखमेचं ड्रेसिंग करत. पावणेचार वाजलेले, आणि त्यांचा फोन गळ्यात लटकत होता, मेलेला. आजोबा दीड तास जमिनीवर. मनगट मोडलेलं, कपडे ओले, शेजारच्या बाईने शेवटी दार उघडून आत पाहिलं.

आजोबा वाचले. चौकशी बसली. आणि चौकशीच्या कागदावर पहिलं वाक्य होतं: ‘सदर सिस्टरला यापूर्वी तीन वेळा समज देण्यात आली होती.’

त्या संध्याकाळी थोरल्या सिस्टरांनी फोन टेबलावर ठेवला आणि सही केली. काकाने फोन उचलला. चार्जरला लावल्याबरोबर पडदा जागा झाला आणि वर्तुळ उजळलं. पांढरा हात. त्याने खांद्यावरचं फडकं ओढलं. काच पुसता पुसता त्याला आणखी एक दिसलं: पूर्ण करडा पडदा उघडला तर त्यावर त्या वर्तुळाची फिकट सावली उठलेली. लोगो पडद्यात भाजला गेला होता. टीव्हीवर वाहिनीचं चिन्ह असं भाजलेलं त्याने शंभरदा पाहिलं होतं. इथे तर चिन्ह घरचंच.

“अहो, हात किती वेळ धुताय?” घरी बायकोने विचारलं.

“जात नाही गं,” तो म्हणाला आणि पुन्हा साबण घेतला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने मोजायला घेतलं. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला दुसरं काय येतं? भांडारात तीन फोन शिल्लक होते, एकाच दिवशी आलेले, एकाच वयाच्या बॅटरीचे. तिन्ही शंभरावर नेले, सिम घातलं, फळीवर उताणे मांडले आणि नऊ तास कुणाला हात लावू दिला नाही. पहिल्यावर पूर्ण लोगो, दुसऱ्यावर नुसतं बारीक घड्याळ, तिसऱ्यावर काहीच नाही. संध्याकाळी पहिला चौदा टक्के उतरला होता, दुसरा सहा, तिसरा तीन. नुसता पडून! कुणी बोटही न लावता!

पण लोगो एकटा फोन मारू शकत नाही, हेही त्याला कळत होतं. चौदा टक्क्यांनी दुपारी चारला मरण येत नाही. म्हणून पुढच्या दिवशी त्याने अ‍ॅप उघडून ठेवलं. सिस्टर घरात असताना अ‍ॅप उघडंच ठेवायचा नियम होता, पडदा विझूच द्यायचा नाही, म्हणजे भेटीची वेळ मोजली जाते. दिवसाला असे चार तास तरी व्हायचे. अर्ध्या ब्राइटनेसवर पांढऱ्या अ‍ॅपने तासाला चौदा टक्के खाल्ले, डार्क मोडने बारा. टायवाल्याचा ‘अर्धा’ तो हाच, दोन टक्क्यांचा. ब्राइटनेस टोकाला नेला तेव्हा मात्र पांढऱ्याने चोवीस खाल्ले आणि काळ्याने पंधरा. म्हणजे माणूस अगदीच खोटं बोलला नव्हता. जिथे फरक मोठा दिसतो तेवढी एकच जागा दाखवून बाकीची झाकली होती. काकाला उघड खोटं बोलणारा परवडला असता, हा प्रकार त्याला जास्त घाणेरडा वाटला.

तरी बारा का? फोन एका जागी, चित्र हलत नाही, मग एवढी भूक कशाची? सेटिंगमध्ये जाऊन त्याने पडद्यावर दर सेकंदाला किती चित्रं रंगवली जातात तो आकडा चालू केला. एकशेवीस. हा फोन खरं तर हुशार होता. बोट फिरवलं की एकशेवीसवर जायचा, चित्र थांबलं की आपणहून खाली यायचा. पण इथे तो खाली येतच नव्हता. काकाने नाक काचेला लावलं. वरच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढं हृदय होतं, लाल, धडधडणारं. शोभेचं. ते थांबायचं नाही, म्हणून फोनला वाटायचं की पडद्यावर सतत काहीतरी हलतंय, आणि तो बिचारा सेकंदाला एकशेवीस वेळा अख्खं चित्र नव्याने रंगवत बसायचा. नुसता पडदा नव्हे, आतला प्रोसेसरही त्याच्याबरोबर राबायचा. काकाने सेटिंगमधून फोन साठावर बांधला. तासाला बारा टक्क्यांचे दहा झाले.

म्हणजे डार्क मोडने जेवढं वाचवलं होतं, तेवढंच ते वाटाण्याएवढं हृदय बसून खात होतं.

त्याने वही घेतली आणि वर गेला. संचालकबाईंच्या साहाय्यकाने ती चाळली. हा सावध माणूस, कुठल्याही कागदाला दोन बोटांनी धरणारा. म्हणाला, “लोगो काढायचा प्रश्नच येत नाही. आणि हृदय बाईंनीच सुचवलंय. चौकशी चालू आहे, काका. तुम्ही मध्ये पडू नका.”

“सिस्टरांची चूक नाही, एवढं तरी त्या चौकशीत लिहा.”

“तुम्ही पुसायचं काम छान करता,” साहाय्यक गोड आवाजात म्हणाला.

काका खाली आला. खुर्चीवर बसला. समोर फळीवर चाळीस वर्तुळं उजळलेली, चाळीस हात त्याला थांब म्हणत होते. तो उठला आणि एकेक फोन हातात घेऊन लोगो बंद केला, पडदा साठावर बांधला. ब्राइटनेस आपोआप कमीजास्त होईल असा ठेवला, म्हणजे उन्हात वाढेल आणि घरात शिरलं की उतरेल. डार्क मोड तसाच राहू दिला, त्याचा बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता. चाळीस फोनना पाऊण तास लागला. परवानगी त्याने कुणाचीच घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी एकही फोन मेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सहा वाजता थोरल्या सिस्टरांच्या फोनवर सव्वीस टक्के उरलेले. त्यांनी तो आकडा काकाला दाखवला आणि डोळे पुसले.

पण घाण अजून संपली नव्हती. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी चौकशीची बैठक झाली आणि काकालाही फोनची वही घेऊन बोलावलं. संचालकबाई, साहाय्यक, टायवाला, एका बाजूला थोरल्या सिस्टर. साहाय्यकाने कागद वाचला: गेल्या तीन दिवसांत एकही फोन बंद पडलेला नाही. “यावरून सिद्ध होतं,” तो म्हणाला, “की कारवाईची भीती बसल्यावर सिस्टरांनी गैरवापर थांबवला.” टायवाल्याने मान डोलावली आणि वर पुस्ती जोडली, “डार्क मोडला रुळायला थोडा वेळ लागतो.”

काकाने हातातली वही टेबलावर ठेवली. आपण चांगुलपणाने केलेलं काम हे लोक सिस्टरांच्याच गळ्यात अडकवत होते. चांगल्यातूनसुद्धा घाण काढायची हातोटी लागते, ती या मंडळींकडे होती.

“मी केलंय ते,” तो म्हणाला.

“काय केलंत?”

“चाळीसही फोनवरचा लोगो मी बंद केला. एकशेवीसचे साठ केले. तीन दिवस झाले. तुम्हाला कुणाला कळलंसुद्धा नाही. सिस्टर पूर्वी जे करत होत्या तेच आजही करतायत. विश्वास बसत नसेल तर वीस फोन पूर्वीसारखे करून देतो, वीस असेच ठेवतो. सोमवारी चार वाजता बघा कुठले मरतात ते.”

साहाय्यकाने वही ओढून घेतली. मग संचालकबाई कडाडल्या. “परवानगीशिवाय? तो लोगो म्हणजे आपली ओळख आहे!”

त्यांचा फोन समोर टेबलावर उताणा पडला होता. तेच मॉडेल, तोच पडदा. काळा कुळकुळीत. थोरल्या सिस्टर इतका वेळ मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी त्या फोनकडे बघितलं आणि साधेपणाने विचारलं, “बाई, तुमच्या फोनवर का नाही आपली ओळख?”

“माझ्या?” संचालकबाई गोंधळल्या. “मी बंद केलंय ते. फार बॅटरी खातं.”

वाक्य तोंडातून निसटलं आणि मग त्यांना ऐकू आलं. साहाय्यक कागदात डोकं घालून बसला. टायवाल्याने टाय सारखा केला. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं ते नव्हतंच. काकाला समोरच्या तिघांकडे बघून शिसारी आली. त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही तीन मेमो निघाले होते. आणि त्याच वेळी स्वतःचीही आली, कारण ते तिन्ही मेमो त्याच्या हातून गेले होते. तो नुसतं पुढे सरकवत राहिला होता.

“वीस-वीस करायची गरज नाही,” संचालकबाई पुटपुटल्या आणि बैठक संपली.

पुढच्या आठवड्यात फर्मान निघालं. लोगो गेला, त्याच्या जागी बारीक घड्याळ आलं. फोन गळ्यात अडकवायची सक्ती गेली. टायवाल्याने अ‍ॅपची नवी आवृत्ती दिली, तिच्यात हृदय थांबलेलं होतं, आणि पत्रकात त्याने छापलं: ‘आमच्या अथक संशोधनातून बॅटरीत भरीव बचत.’ काकाने ते पत्रक वाचलं, पण रद्दीत टाकायलाही त्याला ते हातात धरवेना. काकाला मात्र एक मेमो मिळाला, विनापरवानगी सेटिंग बदलल्याबद्दल. तो त्याने स्वतःच्या सहीने घेतला.

थोरल्या सिस्टरांना पत्र आलं: ‘माणुसकीच्या नात्याने आपल्यावरील कारवाई रद्द करण्यात येत आहे.’

त्या पत्र घेऊन भांडारात आल्या. इतकी वर्षं त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. “भाऊ, माणुसकी कसली? मी काही केलंच नव्हतं. मला माफ करायला हे कोण?” त्यांनी पत्राच्या पाठीवर लिहिलं: ‘चूक नसताना माफी नको. दुरुस्त करून पाठवा.’ पत्र वर गेलं. दुसरं आलं, त्यात ‘सहानुभूतीपूर्वक’ होतं. तेही परत. तिसऱ्यात ‘सेवाज्येष्ठता लक्षात घेऊन’. तेही परत. साहाय्यक एकदा स्वतः खाली येऊन म्हणाला, “ताई, शब्दांत काय आहे? प्रकरण मिटलं ना?”

“तुमचं मिटलं,” त्या म्हणाल्या. “माझ्या फायलीत शब्दच राहणार आहेत.”

चौथ्या पत्राला पाच महिने लागले. त्यात एकच ओळ होती: ‘सदर घटनेत आपली कोणतीही चूक आढळली नाही, तिन्ही मेमो मागे घेण्यात येत आहेत.’ कुणाची चूक होती ते त्यात नव्हतं, आणि ते कधी येणारही नव्हतं. थोरल्या सिस्टरांनी ती ओळ दोनदा वाचली, काकाकडून पत्राला भोकं पाडून घेतली आणि ते आपल्या फायलीत लावलं. मग फोन घेतला आणि आजोबांकडे निघाल्या. त्यांचं मनगट वाकडंच सांधलं होतं, रोज गरम पाण्यात धरून हलवावं लागायचं.

काकाने वर्षअखेरीला नोकरी सोडली. कुणी काढलं नाही, त्यालाच वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याचा वास सहन होईना. आता तो घराच्या पुढच्या खोलीत कानाची यंत्रं दुरुस्त करतो. बायको विचारते, ती यंत्रं तर फोनपेक्षाही मेणकट, मग तुम्हाला चालतात कशी? तो म्हणतो, “हे मेण माणसाच्या कानातलं आहे. पुसलं की जातं.”